लोणारच्या काठावर नऊ जणांचा सेल्फी

मी लोणारला सरोवर दाखवायचं काम करतो, पर्यटक आले की माहिती सांगायची आणि अर्धा वेळ त्यांचे फोटो काढायचे. परवा मेहकरकडची दहावीची जुनी बॅच आली, नऊ जण, आता पंचेचाळिशीतले, आणि त्यांना दुसऱ्यानं काढलेला फोटो नकोच होता, सेल्फीच पायजे अन् मागं अख्खं सरोवर पायजे.

फोन उभा धरलेला, चौघंच दिसत होते, बाकीचे ओरडून राह्यले "मांगं सरका ना बे!" मागं तर उतार, मुरूम सुटलेला. मी जोरात ओरडलो, भाऊ कोनीच मागं जाऊ नका! काठावर हा नियमच ठेवायचा, मागची रांग काठापासून चांगली अलीकडं उभी करायची आणि तिनं जागा सोडायची नाही, सरकायचं तर फोनवाल्यानं पुढं, मोकळ्या जागेकडं.

मग फोन आडवा करवला. सेल्फी कॅमेरा आडवा धरला की माणूस जितका लांब त्याच्या साधारण दीडपट रुंदी मावते. हात दोन फूट, म्हणजे तिथं तीनच फूट, दोघांचे खांदे झाले की संपलं. पण सहा फुटांवर तीच नऊ फूट होते, म्हणून सगळ्यांनी फोनला चिकटायचं नसतं. सगळ्यात उंच, लांब हाताच्या गड्याकडं फोन दिला, तो पुढं, त्याच्या मागं तिघं, शेवटी पाच, हात कपाळाच्या वर म्हणजे मागची डोकी झाकत नाहीत.

नऊ मावले, पण सरोवर नाही. जवळपास १.८ किलोमीटरचं विवर आहे ते, काठावर उभं राह्यलं की दोन्ही बाजूंनी पार खांद्यापर्यंत पसरतं, साध्या लेन्समध्ये कसं येईल? त्यांच्या फोनला मागच्या कॅमेऱ्यात 0.5x ची वाइड लेन्स होती. फोन उलटा धरला, स्क्रीन दिसत नाही म्हणून तीन सेकंदांचा टायमर लावला. पाणी पुष्कळ आलं, पण कडेच्या बाईचा चेहरा कलिंगडासारखा आडवा ताणलेला. "हे कोन होय बे?" म्हणे, हसून हसून सगळे खाली बसले.

वाइड लेन्स कडेचं ताणतेच, माणूस कितीबी बारीक असो, आणि जवळचं अंगावर आणते, म्हणून फोनवाल्याचा दंड पैलवानाचा दिसत होता. मग रांग थोडी आत वळवली, दोन्ही कडांना एक-एक माणसाची जागा मोकळी सोडली आणि त्याला सांगितलं, हात खालून सरळ पुढं काढ, बाजूनं नको. खरं म्हणजे स्वस्त फोनात 0.5 चा फोटो जरा मऊच येतो, संध्याकाळी तर चेहरे पार पुसट, पण दुपारचं ऊन होतं म्हणून चाललं.

शेवटचा फोटो घेतला तेव्हा त्या बाईनं आधी स्वतःचाच चेहरा झूम करून पाहिला, मग म्हणे "आता टाक ग्रुपवर."