बेटमोजणी, नोंद ७: उत्तर बरोबर, तरी प्रोग्राम लटकला

तीन संध्याकाळी गेल्या, पण आज चूक सापडली. शून्य-एकच्या नकाशात एकमेकांना चिकटलेली जमिनीची घरं म्हणजे एक बेट, आणि माझा प्रोग्राम अशी बेटं मोजतो: जमीन दिसली की तिथून भराव पसरवत सगळं बेट शून्य करायचं आणि एक मोजायचं.

मागच्या नोंदीत रिकर्शन काढून हाताने स्टॅक लावला होता. पायथनची १००० ची मर्यादा लांबट बेटांवर आडवी येत होती, ती कटकट संपली. मग मला भराव वर्तुळांनी पसरताना बघायचा होता. सुरुवातीच्या घरापासून एका पावलावरची घरं आधी, मग दोन पावलांवरची. त्यासाठी स्टॅकऐवजी क्यू हवा, म्हणून एकच शब्द बदलला: `pop` च्या जागी `popleft`.

```python
q = deque([(r, c)])
while q:
    y, x = q.popleft()
    g[y][x] = 0
    for dy, dx in D:
        ny, nx = y+dy, x+dx
        if 0<=ny<R and 0<=nx<C and g[ny][nx]:
            q.append((ny, nx))
```

माझ्या सगळ्या जुन्या नकाशांवर आकडे तंतोतंत जुळले. मग सहज २०×२० चा पूर्ण जमिनीचा नकाशा दिला. घरं जेमतेम ४००, बेट एक. प्रोग्राम परतलाच नाही आणि मेमरी चढत राहिली.

पहिला संशय सीमेच्या तपासणीवर गेला, दुसरा चार दिशांच्या `D` वर. दोन्ही ठीक होते. शेवटी क्यूत किती घरं शिरली ते मोजणारा काउंटर लावला आणि छोटे चौरस चालवले. ३×३ ला १९, ४×४ ला ६९, ५×५ ला २५१. प्रत्येकात एक मिळवा: २०, ७०, २५२. हे पास्कलच्या त्रिकोणाच्या मधल्या स्तंभातले आकडे! ते ओळखल्यावर पुढचं कोडं दहा मिनिटांत सुटलं. ३×३ मध्ये कोणतं घर किती वेळा क्यूत गेलं, ते पाहा:

```
1 1 1
1 2 3
1 3 6
```

खूण (`g[y][x] = 0`) घर क्यूतून बाहेर काढताना होते. मधल्या घराला वरचा शेजारी रांगेत घालतो, आणि ते घर अजून जमीनच दिसतं म्हणून डावीकडचाही घालतो. झाल्या दोन प्रती. त्या दोन्ही बाहेर येईपर्यंत पुढच्या थरातलं एकही घर खुणावलेलं नसतं, म्हणून दोघीही आपापल्या शेजाऱ्यांना पुन्हा रांगेत घालतात. म्हणजे कोपऱ्यापासून त्या घरापर्यंत जितके सर्वांत छोटे रस्ते, तितक्या त्याच्या प्रती. २०×२० साठी एकूण १३,७८४ कोटींच्या वर. उत्तर मात्र १ च येणार, म्हणून फक्त उत्तर तपासणाऱ्या चाचण्यांना काही कळत नाही.

जुने नकाशे का सुटले? त्यांत जमीन ४० टक्के, विखुरलेली, बेटं लहान आणि काटकुळी. एका घराच्या रुंदीच्या पट्टीत रस्ता एकच, त्यामुळे प्रत बनतच नाही. दुखणं २×२ च्या ठोकळ्यापासून सुरू होतं.

मला सगळ्यात आवडलेला भाग वेगळाच आहे. हीच चूक स्टॅकमध्येही होती, पण तिथे ती बाधत नव्हती! स्टॅकमध्ये घराची पहिली प्रत निघाली की तिचे शेजारी वर रचले जातात आणि खालची जुनी प्रत बाहेर येण्याआधी ते सगळे खुणावून संपतात. जुन्या प्रतीला शेजारी जमीनच उरत नाही. ३×३ ला स्टॅकमध्ये १३ प्रवेश होतात, म्हणजे १२ शेजार-जोड्या आणि सुरुवातीचं घर. थोडा अपव्यय, स्फोट नाही.

उपाय: खूण रांगेत घालतानाच करायची. सुरुवातीचं घर लूपच्या आधी शून्य, आणि `append` च्या लगेच वर `g[ny][nx] = 0`. बाहेर काढल्यावर ‘आधीच शून्य असेल तर सोड’ असंही चालतं, पण मग क्यूतही १३ प्रवेश राहतात. मला ९ हवे होते, आणि ९ आले. २०×२० ला बरोबर ४००, तेही क्षणात.

काउंटर आता कायमचा ठेवलाय. प्रत्येक चाचणीत एकूण प्रवेश जमिनीच्या घरांइतकेच हवेत. आणि अजून कोणी साध्या लिस्टवर `pop(0)` वापरत असेल तर सोडा. प्रत्येक वेळी उरलेली सगळी लिस्ट एक घर सरकते. `deque` हेच त्यासाठीचं हत्यार आहे.

पुढच्या नोंदीत आठ दिशा घेणार होतो. पण हे लिहितानाच सुचलं: नुसती संख्याच हवी असेल तर पूर्ण नकाशा मेमरीत कशाला? ओळीमागून ओळ वाचायची, वरच्या ओळीशी जोड लागली की दोन बेटांचे क्रमांक एकत्र करायचे. दोनच ओळी आणि क्रमांकांचा तक्ता सांभाळायचा. U आकाराच्या बेटावर, जिथे दोन टोकं खाली येऊन जुळतात, तिथे गणना एकने कमी होते का ते आधी कागदावर करून बघतो. आठ दिशा त्यानंतर.