ऑकलंडचे वीस अंश

न्यूझीलंडचे दहा दिवस फार छान गेले, पण लिहावंसं वाटतं ते एकाच सकाळबद्दल.

ऑकलंडच्या काकांची (मर्चंट नेव्हीतून निवृत्त) छोटी शिडाची होडी घेऊन आम्ही ग्रेट बॅरियर बेटावर जाणार होतो. मी होडी चालवायला मुंबईत शिकलो. तिथे होकायंत्राची उत्तर आणि खरी उत्तर जवळपास एकच, त्यामुळे व्हेरिएशन मला कधी जाणवलंच नव्हतं. ऑकलंडला सुई सुमारे वीस अंश पूर्वेकडे झुकते.

निघण्याआधी कंपास स्विंग करायचा, म्हणजे होडी वेगवेगळ्या दिशांना फिरवून त्याची चूक मोजायची, असं काकांनी बजावलं. व्हेरिएशन नकाशावर छापलेलं मिळतं, पण होडीतलं इंजिन, लोखंड, तारा सुईला आणखी ओढतात. ते डेव्हिएशन, आणि होडीचं तोंड फिरलं की तेही बदलतं. बीन रॉकचं १८७१ मधलं लाकडी दीपगृह आणि मागचा स्काय टॉवर एका रेषेत आले की नकाशावर दिशा २५४ येते. वीस वजा करून २३४, हा बिनचूक कंपासने दाखवायचा आकडा. होडी आठ दिशांना तोंड करून ती रेषा ओलांडायची, आणि दर वेळी काका कंपासवरून नेम धरून आकडा सांगणार.

तोंड उत्तरेला असताना २३८ आला, म्हणजे डेव्हिएशन ४ पश्चिम. वायव्येला २४६! काकांनी वहीत न लिहिता विचारलं, "इथे काय ठेवलंस?" दीपगृहाचा फोटो काढून मी मोबाइल कंपासशेजारी ठेवला होता, आणि त्याच्या कव्हरला चुंबक आहे. मोबाइल हलवला, पुन्हा रेषा ओलांडली: २३७. "डेव्हिएशन हळूहळू चढतं-उतरतं रे. चारावरून एकदम बारावर गेलं की समज, जवळ काहीतरी आहे." दक्षिणेला २३० आला, ४ पूर्व. उत्तरेच्या नेमका उलट, म्हणून काका समाधानी.

मग पुढचा हिशोब. वाटेतल्या तिरितिरी बेटापासून ग्रेट बॅरियरवरच्या पोर्ट फिट्झरॉय बंदराची खरी दिशा ४१. व्हेरिएशन पूर्व, म्हणून वीस वजा: २१. त्या तोंडाला डेव्हिएशन ४ पश्चिम, म्हणून मिळवायचे: कंपासवर २५. काकांचं पाठांतर: "एरर वेस्ट, कंपास बेस्ट, एरर ईस्ट, कंपास लीस्ट." डेव्हिएशन विसरलो असतो तर तीस मैलांत दोन मैल बाजूला गेलो असतो. आणि व्हेरिएशन वजा करण्याऐवजी मिळवलं असतं, तर थेट कोरोमंडेल द्वीपकल्पाच्या किनाऱ्यावर. (ते नाव आपल्याच कोरोमंडल किनाऱ्याचं, त्या नावाच्या ब्रिटिश जहाजामार्फत तिथे पोचलेलं.)

मोबाइल मी पाठीमागच्या बॅगेत टाकला. संध्याकाळी फिट्झरॉयचं तोंड अगदी समोर उघडलं, तेव्हा कंपासवर २५ होते.