आकडे तेच, निकाल दोन: केळीच्या वेफर्सवरची टी-टेस्ट

एम.कॉम.च्या प्रोजेक्टसाठी मला आकडे घरातूनच मिळाले. फैजपूरला मामांचा केळीच्या वेफर्सचा छोटा कारखाना आहे आणि यावल-सावद्याकडच्या किराणा दुकानांत त्यांचा माल जातो. पाकिटं एरवी बरणीमागे कुठेतरी पडून राहतात, म्हणून गल्ल्याजवळ ठेवायला तारेचा स्टँड करून द्यावा, असं त्यांच्या मनात होतं. एका स्टँडला साडेचारशे रुपये. "विक्री खरंच वाढते का, एवढं सांग भो, मंग बाकीच्यांना करू," एवढीच त्यांची मागणी.

चौदा दुकानं हाताशी होती. चिठ्ठ्या टाकून त्यातली आठ स्टँडसाठी काढली, उरलेली सहा आहे तशी ठेवली. चिठ्ठ्यांचा आग्रह माझाच. मामांवर सोडलं असतं तर त्यांनी ओळखीच्या, चालत्या दुकानांनाच आधी स्टँड दिले असते आणि मग वाढ स्टँडची की दुकानदाराची, हे कळायला मार्ग उरला नसता.

स्टँडच्या आठ दुकानांत आधीच्या आठवड्यात अनुक्रमे ४२, ६५, २८, ९०, ५४, ३७, ७३ आणि ५१ पाकिटं गेली होती. स्टँड लावल्यानंतरच्या आठवड्यात ४७, ६८, ३५, ९६, ५३, ४५, ७५ आणि ५३. सरासरी ५५ वरून ५९ वर गेली, म्हणजे दुकानामागे चार पाकिटं जास्त. शून्य परिकल्पना अशी की स्टँडने काहीच फरक पडत नाही आणि ही चार पाकिटं आठवड्या-आठवड्याच्या चढ-उतारातली आहेत. सार्थकता पातळी ५ टक्के आणि चाचणी दुहेरी टोकाची, हे आकडे हातात येण्याआधीच वहीत लिहून ठेवलं होतं. स्टँडमुळे विक्री घटूही शकते, पाकिटं उन्हात येतात, म्हणून दुहेरी.

माझ्यासोबत प्रोजेक्टला असलेल्या मित्राने हेच आकडे एक्सेलमध्ये टाकले आणि संध्याकाळी फोन केला, "काही फरक नाही रे, पी-व्हॅल्यू ०.७ च्या जवळ आहे." पी-व्हॅल्यू म्हणजे स्टँडने काहीच फरक पडत नसता तरी निव्वळ योगायोगाने एवढा किंवा याहून मोठा फरक दिसण्याची शक्यता, आणि ती ५ टक्के म्हणजे ०.०५ च्या खाली आली तरच शून्य परिकल्पना सोडायची. माझ्याकडे ती ०.००७ आली होती. दोघांनी आकडे पुन्हा ताडून पाहिले, एकही चुकलेला नव्हता. फरक होता तो सूत्रातल्या शेवटच्या अंकात.

```
=T.TEST(B2:B9,C2:C9,2,2)
=T.TEST(B2:B9,C2:C9,2,1)
```

वरची ओळ त्याची, खालची माझी. शेवटी २ असेल तर एक्सेल दोन्ही रकाने म्हणजे एकमेकांशी संबंध नसलेले दोन गट समजतं. १ असेल तर ओळीतल्या दोन आकड्यांची जोडी लावतं.

हे हाताने सोडवलं की नीट उमगतं. त्याच्या पद्धतीत चार पाकिटांचा फरक दुकाना-दुकानांतल्या तफावतीशी तोलला जातो. आणि ही तफावत केवढी! बसस्टँडजवळचं दुकान ९० पाकिटं विकतं, गावाच्या टोकाचं २८. दोन्ही रकान्यांचं प्रमाण विचलन २० च्या आसपास, त्यामुळे सरासऱ्यांच्या फरकाची प्रमाण त्रुटी जवळजवळ १०. टी म्हणजे ४ भागिले १०, फक्त ०.४. तक्त्यात १४ डिग्रीज ऑफ फ्रीडमला २.१४५ ओलांडायला हवं.

पण बसस्टँडचं दुकान मोठं आहे, हे दोन्ही आठवड्यांत सारखंच खरं होतं. ती तफावत स्टँडच्या प्रश्नात मध्ये येण्याचं कारणच नाही. म्हणून प्रत्येक दुकानाची तुलना त्याच दुकानाशी करायची, म्हणजे आधी फरक काढायचे: ५, ३, ७, ६, −१, ८, २, २. सरासरी ४. या आठ फरकांच्या सरासरीपासूनच्या अंतरांचे वर्ग मिळवले तर ६४ येतात, त्याला ७ ने भागून वर्गमूळ घेतलं की प्रमाण विचलन ३.०२. ते ८ च्या वर्गमुळाने भागलं की प्रमाण त्रुटी १.०७. टी = ४ ÷ १.०७, म्हणजे ३.७४. डिग्रीज ऑफ फ्रीडम आता ७ च उरतात, त्यामुळे तक्त्यातला आकडा वाढून २.३६५ होतो, तरी आपण त्याच्या बरेच पुढे.

विल्यम गॉसेट गिनेस ब्रुअरीत नोकरीला असताना १९०८ मध्ये 'स्टुडंट' या टोपणनावाने ही चाचणी मांडत होता, तेव्हा त्यानेही दाखल्याला जोडीचेच आकडे घेतले होते: दहा रुग्ण, झोपेची दोन औषधं, आणि प्रत्येक रुग्णामागचा फरक. आमच्याकडे मात्र टी-टेस्ट शिकवताना जोडीचा प्रकार शेवटच्या तासाला उरकतात.

तोंडी परीक्षेच्या सरावात मॅडमनी बरोबर दुखऱ्या जागी बोट ठेवलं. "दुसऱ्या आठवड्यात एकादशी होती ना?" उपवासाला केळीचे वेफर्स चालतात, म्हणजे खप स्टँडशिवायही वाढला असता. जोडीची चाचणी इतकंच सांगते की दोन आठवड्यांत फरक आहे. तो कशाने आहे, हे तिला माहीत नसतं, पी-व्हॅल्यू कितीही छोटी असो.

इथे ती सहा दुकानं कामी आली. त्याच दोन आठवड्यांत त्यांच्यातले फरक १, −२, ३, ०, २, −१ असे होते, सरासरी अर्धं पाकीट. एकादशीने फारसं काही हललं नव्हतं. आता आठ फरकांचा एक गट आणि सहा फरकांचा दुसरा. ही दुकानं वेगवेगळी, त्यामुळे जोडी लागत नाही. फरकांचा पसाराही दोन्हीकडे सारखा नव्हता, म्हणून सूत्राच्या शेवटी ३ घातलं. सरासऱ्यांतला फरक ३.५ पाकिटं, टी २.६६, पी-व्हॅल्यू ०.०२ च्या आसपास. निकाल टिकला, पण ०.००७ चा तोरा उतरला. अहवालात मी हीच चाचणी मुख्य ठेवली.

मामांना पी-व्हॅल्यूशी देणंघेणं नव्हतं. त्यांच्यासाठी ९५ टक्के विश्वास अंतराल काढलं: स्टँडमुळे होणारी वाढ दुकानामागे आठवड्याला साधारण ०.६ ते ६.४ पाकिटं. एका पाकिटामागे त्यांना सहा रुपये सुटतात. वाढ वरच्या टोकाला असेल तर स्टँडचे पैसे बारा आठवड्यांत वसूल, मधोमध असेल तर एकवीस-बावीस, आणि खालच्या टोकाला असेल तर दोन वर्षांहूनही जास्त. आठ दुकानं आणि एकेक आठवडा एवढ्या आकड्यांतून याहून नेमकं काही निघत नाही. विश्वास अंतराल अरुंद करायचं तर दुकानं तरी वाढवायची, नाहीतर आठवडे.

मामांनी कागद दोनदा वाचला. "म्हणजे वाढते, पण किती ते पक्कं नाही." मी मान डोलावली. मग त्यांनी तारवाल्याला फोन लावून सहाच स्टँड सांगितले, उरलेल्या दुकानांपुरते, आणि मला म्हणाले, "तुझ्या वह्या दिवाळीपर्यंत चालू ठेव."