‘ऑर’खालची रेघ

काका आले तेच पत्राच्या दोन प्रती घेऊन. एक आमच्यासाठी, दुसरीवर शिक्का मारून परत हवी. खुर्ची पुढे केली तर म्हणाले, "आधी पोच द्या. बसणं नंतर."

मी एका इंटरनेट कंपनीत बिझनेस कनेक्शनच्या तक्रारी बघतो. पत्रं तशी रोज येतात. बहुतेकांत चार ओळी संताप आणि शेवटी कोर्टाची धमकी असते. त्यांना काय उत्तर द्यायचं हे वाचायच्या आधीच ठरलेलं असतं, हे कबूल करतो.

काकांचं सदाशिव पेठेत झेरॉक्सचं आणि ऑनलाइन फॉर्म भरून देण्याचं दुकान आहे. गिऱ्हाईक म्हणजे स्पर्धा परीक्षांची मुलं. फॉर्मच्या शेवटच्या दिवशी संध्याकाळी पेमेंटच्या पानावर नेट गेलं की काय होतं, ते त्यांनी एका वाक्यात लिहिलं होतं: "अकरा मुले उभी होती, त्यांतील चौघे दुसरीकडे पळाली, उरलेल्यांनी मला ऐकवले." पत्रात संताप एवढाच. बाकी अडीच पानं करार.

आमच्या बिझनेस प्लॅनच्या करारात महिन्याला ९९.५ टक्के सेवा चालू राहील असं कलम आहे. ऐकायला भारी वाटतं. तीस दिवसांचे ७२० तास, त्याचा अर्धा टक्का म्हणजे ३ तास ३६ मिनिटं. तेवढा वेळ नेट बंद राहिलं तरी आमचं काही चुकलं नाही. त्याहून जास्त गेलं आणि टक्केवारी ९९ च्या वर राहिली, तर मासिक भाड्याच्या पाच टक्के परत. नुकसानभरपाई म्हणून वेगळं काही नाही, हेही करारातच आहे.

काकांनी सोबत वहीची झेरॉक्स जोडली होती. एका महिन्यात २३ वेळा नेट गेलं, प्रत्येक वेळी गेल्याची वेळ आणि आल्याची वेळ. त्यांतल्या चार नोंदींसमोर कंसात "एमएसईबी, इन्व्हर्टरची बॅटरी बसली, हे तुमच्यावर नाही". ती चार वजा करून बेरीज ५ तास ४० मिनिटं.

मी आमचा रिपोर्ट काढला. दोन तक्रारी, मिळून १ तास ५० मिनिटं, ९९.७५ टक्के. देणं शून्य. पाच-दहा मिनिटं नेट जातं तेव्हा कोण तक्रार नोंदवतं? कॉल सेंटरला भाषा निवडून, संगीत ऐकून माणूस फोनवर येईपर्यंत नेट परत आलेलं असतं.

पण पत्राच्या दुसऱ्या पानावर त्यांनी करारातलं एक इंग्रजी वाक्य जसंच्या तसं उतरवलं होतं आणि एका शब्दाखाली पट्टीने रेघ मारली होती. बंद काळ मोजायचा तो कंपनीच्या देखरेख यंत्रणेत नोंदलेला ‘ऑर’ तक्रार क्रमांकाने नोंदलेला. ‘अँड’ नाही, ‘ऑर’. खाली लिहिलं होतं: "आपल्या यंत्रणेतील नोंद पाहावी व कळवावे."

सहा वर्षं हे कलम मी लोकांना वाचून दाखवतोय. आमचा रिपोर्ट फक्त तक्रार क्रमांकांवरून बनतो, म्हणून कलमही तेच सांगतं असं मी धरून चाललो होतो.

मग यंत्रणेचा लॉग उघडला. ग्राहकाच्या दुकानातला फायबरचा डबा बंद पडला की आमच्या एक्स्चेंजमधल्या मशीनला ते लगेच कळतं, आणि का बंद पडला तेही बऱ्यापैकी कळतं. वीज गेली तर डबा विझता विझता शेवटचा एक संदेश पाठवतो. लॉगमध्ये `dying-gasp` उमटतं. प्रकाशच पोचला नाही तर तो संदेश येत नाही, `LOS` दिसतं. आमच्याकडची फोनवरची मुलं प्रत्येकाला "सर, तुमच्याकडे लाइट गेली असेल" म्हणतात, आणि खरं-खोटं सांगणारा लॉग कोणी उघडत नाही. काकांच्या लाइनवर चार `dying-gasp`, १९ `LOS`. वेळा वहीशी जुळत होत्या, फक्त काकांचं घड्याळ आमच्यापेक्षा दोन मिनिटं पुढे.

याआधी तीनदा आमचा माणूस जाऊन आला होता. तिन्ही वेळा प्रकाशाचं रीडिंग उणे २१ डीबीएम, शेरा "ओके", तक्रार बंद. त्या डब्याला उणे २७ पर्यंत चालतं, म्हणजे उणे २१ अगदी तब्येतीत. मी वही परत वाचली तेव्हा दिसलं की १९ पैकी एकही नोंद दुपारी एक ते चारमधली नाही, सोमवारची तर एकही नाही. आणि आमचा माणूस तिन्ही वेळा गेला होता दोन ते साडेतीनच्या दरम्यान, कारण काकांनीच सांगितलं होतं, "दुपारी या, गर्दी नसते."

दुसऱ्या दिवशी साडेदहाला मी स्वतः फील्डच्या पोराबरोबर गेलो. मीटर लावला, उणे २६.८. दर तीन डीबीला प्रकाश निम्मा होतो, म्हणजे दुपारच्या मानाने जेमतेम चौथाई उरला होता. खांबावरून येणारी केबल शेजारच्या भांड्यांच्या दुकानावरून, त्यांच्या शटरच्या पेटीतून आत आली होती. दुकान एक ते चार बंद, सोमवारी सुट्टी. शेजाऱ्यांना विनवलं, पाच मिनिटं शटर खाली घ्या. "अहो, बोहनीच्या वेळी शटर खाली?" पण घेतलं. मीटर उणे २१.२. वर केलं, पुन्हा उणे २६.९. शटर वर गेलं की पत्र्याची गुंडाळी जाड होते आणि केबल कोपऱ्यात दाबून मुडपते. फायबर तुटत नाही, पण वाकलेल्या जागेतून प्रकाश बाहेर गळतो. उरलेला प्रकाश काठावर असला की रस्त्यावरून बस गेली तरी लाइन पडते. पोराने लाल लेसरचा पेन जोडला आणि मी स्टुलावर चढून पेटीत डोकावलो. अंधारात नखाएवढा लाल ठिपका लकाकत होता.

काका खालून म्हणाले, "म्हणजे आम्ही दोघं दुकानं उघडतो तेव्हाच तुमचं नेट बंद होतं."

पाटीच्या वरून नवी केबल ओढली, चौदा मीटर. उणे २०.८. केबल पेटीतून नेली कोणी, याचं रेकॉर्ड नाही. कंत्राटदार तीन बदलले, आणि वरून नेण्यासाठी शिडी आणावी लागते.

५ तास ४० मिनिटं म्हणजे ९९.२१ टक्के. भाडं २,४०० रुपये, त्याचे पाच टक्के १२०. मी क्रेडिट नोट पाठवली आणि साहेबांना मेल लिहिला, की रिपोर्ट लॉगवरून काढायला हवा, बाकीच्या ग्राहकांचंही तेच होत असणार. साहेब जागेवर येऊन म्हणाले, "त्यांचं मिटलं ना? मग बाकीचं कशाला उकरतोस?" मेलला उत्तर दिलं नाही. मी मात्र त्या संध्याकाळी माझ्याकडच्या आणखी पाच ग्राहकांचे लॉग काढले. दोघांचे आकडे ९९.५ च्या खाली आहेत. त्यांनी पत्र लिहिलेलं नाही. ते दोन कागद माझ्या खणात आहेत.

काल काका परत आले, दोन प्रतींसह. "१२० रुपये मिळाले. तथापि आपण भाड्यावर १८ टक्के जीएसटी आकारता, त्या प्रमाणात २१ रुपये ६० पैसे येणे बाकी आहे."

पोच दिली आणि पत्र अकाउंट्सला पाठवलं.