एका चालीचा माग: कव्हर, रीमिक्स, सॅम्पल की इंटरपोलेशन?

वेंगुर्ल्याच्या आमच्या मंडळाने गणेशोत्सवात किनारपट्टीवरच्या गाण्यांचा कार्यक्रम ठरवला, तेव्हा प्रत्येक गाण्याची चाल मुळात कोणाची हे पत्रिकेत छापण्याचे काम माझ्याकडे आले. बहुतेक गाण्यांबाबत अडचण आली नाही. मात्र विसर्जन मिरवणुकीत गेली काही वर्षे हमखास वाजणारा एक डीजे ट्रॅक यादीत होता. त्याच्या मध्यावर ‘घे घे घे रे सायबा’ अशी ओळ येते आणि सगळी गल्ली ती एका सुरात उचलते. मंडळातील मुलांच्या लेखी तो ‘बॉबी’तील गाण्याचा रीमिक्स होता. आमच्याकडे पेटीची साथ करणारे आबा मात्र पहिल्याच बैठकीत म्हणाले, “ह्यां गाणां शिनेमाच्या आधीचां आसा.”

दोघांच्याही म्हणण्यात तथ्य असू शकते, हे मला काम करताना उमगले. गाण्यातून दोन वेगळ्या गोष्टी उचलता येतात. एक म्हणजे चाल आणि शब्द, म्हणजे रचना, आणि दुसरी म्हणजे कोणीतरी कधीतरी स्टुडिओत केलेले तिचे ध्वनिमुद्रण. सबंध रचना पुन्हा गायली तर ते कव्हर होते, आणि रचनेचा एखादाच तुकडा नव्याने गाऊन वेगळ्या गाण्यात बसवला तर ते इंटरपोलेशन. जुन्या ध्वनिमुद्रणाचाच तुकडा कापून नव्या गाण्यात लावला तर त्याला सॅम्पल म्हणायचे, आणि मूळ गाणे मूळ आवाजासह ठेवून त्याचा ठेका व मांडणी बदलली तर रीमिक्स. त्यामुळे चाल ओळखीची वाटली की पहिला प्रश्न एकच असतो, तो म्हणजे आपण जुनाच आवाज ऐकतो आहोत की जुनी चाल नव्या गळ्यातून ऐकतो आहोत.

त्यासाठी मी डीजे ट्रॅक आणि 1973 च्या ‘बॉबी’तील ‘ना मांगू सोना चांदी’ हे गाणे संगणकावर Audacity या ध्वनिसंपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये एकाखाली एक ठेवले. हे गाणे लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांचे असून मन्ना डे आणि शैलेंद्र सिंग यांनी ते गायले आहे. डीजे ट्रॅकमधला आवाज पातळ आणि घाईत असल्यासारखा वाटत होता. पेटीवर लावून पाहिले तेव्हा त्यातला सा सिनेमाच्या गाण्यापेक्षा दोन अर्धस्वर वर निघाला. ध्वनिमुद्रण नुसते वेगाने वाजवले की स्वर आणि लय एकाच प्रमाणात वाढतात. एका अर्धस्वराला सुमारे 5.95 टक्के, म्हणून दोन अर्धस्वरांना सुमारे 12.2 टक्के, असा तो हिशेब आहे. चार सेकंदांचा तुकडा अशा वेळी साधारण 3.56 सेकंदांत संपायला हवा. मी ध्रुवपदाची लांबी दोन्हीकडे मोजली आणि गुणोत्तर तंतोतंत जुळले. नव्या गायकाने मुद्दाम वरच्या पट्टीत गायले असते, तर लय नेमकी त्याच प्रमाणात वाढण्याचे काही कारण नव्हते.

तरीही एवढ्या एका खुणेवर विसंबू नये, कारण आजच्या सॉफ्टवेअरमध्ये स्वर न बदलता लय आणि लय न बदलता स्वर बदलता येतो, आणि मग हे गुणोत्तर हाती लागत नाही. म्हणून मी डीजे ट्रॅकचा तुकडा मूळ वेगावर आणला, दोन्ही तुकड्यांची सुरुवात लाटेच्या आकृतीवर जुळवली आणि एकावर Invert चालवून दोन्ही एकत्र वाजवले. ध्वनिमुद्रण एकच असेल तर उलटी लाट सुलटीला खोडते आणि सामाईक भाग विरतो, पण माणूस तीच ओळ दुसऱ्यांदा कितीही हुबेहूब गायला तरी असे घडत नाही. पूर्ण शांतता मिळेल अशी अपेक्षा मात्र ठेवू नये. एमपीथ्रीच्या आकुंचनामुळे आणि वेगातील किंचित फरकामुळे तुकडे सेकंदा-दोन सेकंदांत एकमेकांपासून सरकतात. माझ्याकडेही पहिल्या शब्दांपुरताच गायकाचा आवाज जवळजवळ नाहीसा झाला, डीजेचा ठेका तेवढा मागे राहिला, आणि पुढे आवाज हळूहळू परत वर आला. दुसरी खूण कानाला तशीच स्पष्ट होती. ध्रुवपद जितक्या वेळा येते तितक्या वेळा तोच श्वास त्याच जागी ऐकू येतो आणि त्या आवाजाच्या पाठीमागे जुन्या वाद्यमेळाची पुसट साथही येते. गाण्याचा बाकी सगळा भाग नवा होता, त्यामुळे हा रीमिक्स नव्हे, सॅम्पल आहे, असे मी ठरवले.

मुलांच्या पेनड्राइव्हवर ‘रीमिक्स’ नावाची आणखी एक फाइल होती. तिच्यात सबंध सिनेमागीत नव्या गायकाने नव्या ठेक्यावर गायले होते, म्हणजे ते सरळ कव्हर होते. आपल्याकडे 2000 नंतर रीमिक्स म्हणून खपलेली पुष्कळ गाणी याच जातीची आहेत.

आता आबांचे म्हणणे उरले होते. त्यांनी पेटीवर ‘हांव सायबा पलतडीं वतां, दामुल्या लग्नाक वतां’ हे देखणी या गोव्याच्या नृत्यगीत-प्रकारातले कोंकणी गीत वाजवले आणि ‘घे घे घे’पाशी येताच खोलीतल्या सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिले. दामूच्या लग्नाला नदीपलीकडे निघालेली नर्तकी आपल्याला पार नेण्यासाठी नावाड्याला अंगावरचे दागिने देऊ करते, ती ही ‘घे घे’ची विनवणी आहे. सिनेमातल्या गाण्यात प्रेमात सौदा नसतो असे सांगत सोने-चांदी नाकारली जाते. ध्रुवपदाची चाल आणि आर्जवाचे शब्द देखणीचे, भोवतालचे हिंदी शब्द आणि प्रसंग नवे, आणि सगळेच नव्याने गायलेले, असे हे गाणे आहे. हे इंटरपोलेशनचे इतके नेमके उदाहरण आहे की कोणाला ही कल्पना समजावायची असेल तर मी हेच गाणे पुढे करीन. कडव्यांचे शब्द समोर ठेवणे येथे फार उपयोगी पडते, कारण नुसते ध्रुवपद ऐकून गाणारा देखणी गातो आहे की सिनेमागीत, हे सांगता येत नाही. पहिल्या कडव्यात दामूचे लग्न आले की शंका उरत नाही.

या देखणीपुढे ‘पारंपरिक’ असे लिहिण्याचा प्रघात आहे आणि मला तो मनापासून खटकतो. तिचे रचनाकार कार्लुस एउजेनिओ फेर्रैरा आहेत. ती 1895 मध्ये पॅरिसला आणि पुढे 1926 मध्ये गोव्यात बास्तोड्याच्या तिपोग्राफिया रांजेलमध्ये छापली गेली. घुमट या मातीच्या तालवाद्याच्या साथीने पिढ्यान्‌पिढ्या गायली गेल्यामुळे ती लोकगीतासारखी पसरली, पण तिचा कर्ता माहीत आहे आणि त्याचे नाव लिहिले गेलेच पाहिजे. छापील तारखांचा शोधाला आणखी एक उपयोग होतो. छापील स्वरलेखनातून आवाज कापून घेता येत नाही, त्यामुळे माग जेथे कागदावर पोहोचतो तेथे सॅम्पल आणि रीमिक्स हे दोन्ही पर्याय आपोआप गळतात आणि कव्हर की इंटरपोलेशन एवढेच ठरवायचे उरते.

पत्रिकेत त्या ट्रॅकसमोर मी असे छापले: ‘ध्रुवपदाचा आवाज “बॉबी” (1973), संगीत लक्ष्मीकांत-प्यारेलाल, यातील ध्वनिमुद्रणातून; त्या ध्रुवपदाची चाल कार्लुस एउजेनिओ फेर्रैरा यांच्या देखणीवरून.’ ट्रॅक तयार करणाऱ्या डीजेचे नाव मुलांनी शोधून दिले, तेही त्याच ओळीत गेले. त्याच संध्याकाळी आमच्या गायिका पूर्ण देखणी घुमटाच्या साथीने म्हणणार होत्या, तिच्यासमोर एकट्या फेर्रैरांचे नाव आले.