सॅम्पल साइजमधला तो ०.५ कुठून आणला? – माझा अनुभव

फिजिओथेरपी पीजीच्या थिसिसचं प्रपोजल एथिक्स कमिटीकडून दोनदा परत आलं, दोन्ही वेळेला शेरा तोच, 'कोरिलेशनचा आधार द्या'. कुठला आधार, कसा द्यायचा, कोणी सांगेना. तीन आठवडे त्या एका ओळीपायी गेले, त्याची चीड अजून गेलेली नाही म्हणून सगळं लिहून ठेवतेय.

स्टडी साधा होता. गुडघ्याच्या झिजेचे पेशंट, दोन ग्रुप, दोन वेगळे व्यायाम. दुखणं ० ते १०० मिमीच्या स्केलवर चार वेळा मोजायचं, सुरुवातीला आणि मग २, ४, ८ आठवड्यांनी. मी सीनियरने सांगितलं तसं जी-पॉवर उघडलं, `ANOVA: Repeated measures, within-between interaction` निवडलं, इफेक्ट साइज ०.२५, पॉवर ०.८०, बाकी जे भरलेलं होतं ते तसंच ठेवलं. उत्तर आलं एकूण २४ पेशंट. इतके कमी बघून मला आनंदच झाला होता!

त्या स्क्रीनवर `Corr among rep measures` असा एक रकाना असतो आणि त्यात ०.५ आधीच भरलेलं असतं. ते कुठल्याही पेशंटवरून आलेलं नाही, नुसता सुरुवातीचा आकडा आहे. कमिटी तेच विचारत होती.

शेवटी बायोस्टॅटच्या मॅडमकडे गेले. त्यांनी आधी विचारलं, "तुला नक्की काय दाखवायचंय?" मला दाखवायचं होतं की नंतरच्या तीन मोजण्यांची सरासरी घेतली तर नव्या व्यायामाच्या ग्रुपमध्ये दुखणं १० मिमीने कमी आहे. जी-पॉवरला मी विचारलेला प्रश्न वेगळाच होता, दोन ग्रुपचा वेळेनुसार बदलण्याचा पॅटर्न वेगळा आहे का हा. म्हणजे २४ हे दुसऱ्याच प्रश्नाचं उत्तर होतं.

मग कागदावर केलं. एसडी २०, फरक १०, एकदाच मोजलं असतं तर एका ग्रुपला साधारण ६३ लागतात. तीन मोजण्यांची सरासरी घेतली आणि सुरुवातीचं दुखणं अँकोव्हात घेतलं की ६३ ला (राउंड करायच्या आधी ६२.७ ला) या आकड्याने गुणायचं:

```
(1 + 2*r) / 3 - b^2
```

r म्हणजे नंतरच्या मोजण्यांचं आपापसातलं कोरिलेशन आणि b म्हणजे सुरुवातीच्या मोजणीचं नंतरच्यांशी. इथेच माझी गाडी अडकली होती, कारण मी कोरिलेशन हा एकच आकडा समजत होते आणि तो वाढला की पेशंट कमी लागतात असं पाठ केलं होतं. तसं नाहीये. r वाढला तर पेशंट जास्त लागतात, कारण एकाच माणसाच्या तिन्ही मोजण्या सारख्याच येत असतील तर दुसरी-तिसरी मोजणी नवीन काही सांगत नाही. b वाढला तर कमी लागतात, कारण मुळातच जास्त दुखणारा माणूस कोण हे आधीच कळलेलं असतं आणि तेवढा फरक हिशोबातून निघून जातो.

आता हे आकडे आणायचे कुठून? ओपीडीच्या जुन्या फायलींमधून २६ पेशंटच्या चारही मोजण्या मिळाल्या. r आला ०.७, b आला फक्त ०.४, व्यायाम सुरू झाल्यावर प्रत्येकजण वेगळ्या वेगाने सुधारतो म्हणून असेल. दोन्हीकडे ०.५ धरलं असतं तर ग्रुपला २७ आले असते, खरे आकडे घातल्यावर ४१ आले. २७ वर स्टडी केला असता तर पॉवर ८० टक्के राहिलीच नसती.

फायली नसतील तर जुन्या पेपरमध्ये आधीची, नंतरची आणि बदलाची अशा तीन एसडी दिल्यात का बघा, त्यातून कोरिलेशन निघतं:

```
b = (SD1^2 + SD2^2 - SDchange^2) / (2*SD1*SD2)
```

समजा आधी २०, नंतर २०, बदलाची २२, तर (४०० + ४०० − ४८४) भागिले ८००, म्हणजे ०.४ च्या जवळ.

पण २६ जणांवरून काढलेला ०.४ खरा ०.०१ पासून ०.६८ पर्यंत कुठेही असू शकतो, हे मॅडमनी आवर्जून दाखवलं. म्हणून एकच आकडा न देता छोटा तक्ता दिला, r ०.७ ठेवून b ०.३ असेल तर ४५, ०.४ ला ४१, ०.५ ला ३५, आणि ४१ का घेतले ते दोन ओळीत लिहिलं. तिसऱ्यांदा प्रपोजल एकही शेरा न येता पास झालं, त्या दिवशी खरंच हायसं वाटलं.

हो, ड्रॉपआउटचं राहिलंच. २० टक्के सोडून जातील असं धरलं तर ४१ ला ०.८ ने भागा, ५२ येतात, म्हणजे एकूण १०४. १.२ ने गुणलं तर ५० येतात आणि त्यातले २० टक्के गेले की ४०च उरतात.

आणि जी-पॉवरच वापरणार असाल तर अजून एक, एसपीएसएसमधला पार्शल ईटा स्क्वेअर घेऊन इफेक्ट साइज काढला असेल तर त्यात कोरिलेशन आधीच शिरलेलं असतं. तेव्हा Options मध्ये जाऊन `as in SPSS` निवडा, नाहीतर कोरिलेशन दोनदा मोजलं जातं आणि पेशंट फार कमी दिसतात.