तारीख अंकाची, व्याख्यानाची नव्हे

«स्वामी विवेकानंदांच्या अमेरिकेतल्या व्याख्यानांच्या तारखा एका पुस्तकात एक आणि दुसऱ्यात दुसरी असं का असतं? खरी तारीख कशी ओळखायची?»

सगळ्यात मोठं कारण अगदी साधं आहे. वर्तमानपत्राच्या कात्रणावर छापलेली तारीख अंक निघाल्याची असते, व्याख्यान झाल्याची नसते. कोणीतरी बातमीखालची तारीख उचलून व्याख्यानापुढे लिहितो, पुढचा त्याच्यावरून नक्कल करतो, आणि एकाच व्याख्यानाच्या दोन तारखा तयार होतात. कधीकधी तर एकाची दोन व्याख्यानं होतात, आणि ते जास्त वाईट, कारण मग स्वामीजी सलग दोन रात्री एकाच सभागृहात बोलले असं वाटायला लागतं.

मेम्फिसचं उदाहरण घेते. 16 जानेवारी 1894 च्या अपील-अ‍ॅव्हलांच या वर्तमानपत्रात म्हटलंय की हे हिंदू साधू आज रात्री ऑडिटोरियममध्ये बोलणार आहेत. 17 जानेवारीचं मेम्फिस कमर्शियल सांगतं की काल रात्री ऑडिटोरियममध्ये त्यांना ऐकायला लोक जमले होते. एकात ‘आज रात्री’, दुसऱ्यात ‘काल रात्री’, आणि दोन्ही बोटं 16 जानेवारीच्याच रात्रीकडे. अशी जोडी सापडली की मी ती तारीख डोळे मिटून पक्की धरते. आधीची सूचना एकटी असती तर कार्यक्रम ठरला होता एवढंच कळलं असतं. नंतरचा वृत्तांत एकटा असता तर ‘काल’ म्हणजे नेमकं केव्हा, हे अंकाच्या तारखेवरून मोजावं लागलं असतं. मॅडिसनच्या चर्चमधल्या व्याख्यानाचा वृत्तांत 21 नोव्हेंबर 1893 च्या विस्कॉन्सिन स्टेट जर्नलमध्ये आहे आणि त्यात ‘काल रात्री’ असं म्हटलंय. म्हणून व्याख्यान 20 तारखेचं. दैनिक असेल तर एवढ्यावर भागतं.

साप्ताहिकात मात्र खरी परीक्षा होते. ओहायोमध्ये एडा नावाचं लहान गाव आहे. तिथल्या एडा रेकॉर्डच्या 28 फेब्रुवारी 1894 च्या अंकात ‘मनुष्याचं देवत्व’ या विषयावरच्या व्याख्यानाची बातमी आहे: गेल्या शुक्रवारी संध्याकाळी ऑपेरा हाउस खच्चून भरलं होतं. आता जंत्री काढायची. 1894 सालचा 1 जानेवारी सोमवारी आला होता, त्यावरून 28 फेब्रुवारी बुधवार येतो. त्याच्या आधीचा शुक्रवार 23 फेब्रुवारीला. म्हणून एडाचं व्याख्यान 23 तारखेचं. तुमच्यासमोर कुठे 22 असा आकडा आला तर वार मोजून पाहा, तो गुरुवार निघतो. बातमीत शुक्रवार म्हटलेलं असताना गुरुवार मानायचा असेल, तर त्याला दुसरा पुरावा हवा.

पण मी एवढ्यावर थांबत नाही. तो माणूस त्या दिवशी तिथे पोचू शकत होता का, हेही पाहावं लागतं. त्याच महिन्यात स्वामीजी डेट्रॉईटमध्ये होते आणि तिथलं फ्री प्रेस त्यांच्या व्याख्यानांची दखल घेत होतं. ‘ईश्वरप्रेम’ या व्याख्यानाचा वृत्तांत 21 फेब्रुवारीच्या अंकात आला, म्हणजे ते व्याख्यान 20 तारखेचं. एडा डेट्रॉईटच्या दक्षिणेला, आगगाडीने एका दिवसात गाठता येईल एवढ्या अंतरावर. 23 तारीख त्या धावपळीत सहज बसते. या दौऱ्यात एका व्याख्यान-संस्थेने ठरवून दिलेले कार्यक्रम होते, आणि गावं अशीच एकापाठोपाठ एक आगगाडीने करावी लागत. म्हणून सबंध दौऱ्याची यादी एका ओळीत मांडून पाहिली की चुकीची तारीख आपोआप उघडी पडते: दुपारी एका राज्यात आणि त्याच संध्याकाळी दुसऱ्या टोकाच्या गावात, असं काहीतरी दिसायला लागतं.

एक सापळा विशेष लक्षात ठेवायला हवा. त्या काळी एका गावचं पत्र दुसऱ्या गावच्या पत्रातली बातमी जशीच्या तशी उचलत असे, आणि त्यातलं ‘काल रात्री’ही तसंच राही. मग मोजणी चुकलीच. अशा वेळी बातमीत सभागृहाचं किंवा चर्चचं नाव आहे का ते आधी बघायचं. सभागृह एका गावचं आणि पत्र दुसऱ्या गावचं, असं दिसलं की मूळ अंक शोधल्याशिवाय तारीख लिहायची नाही.

निमंत्रणपत्रिका हा वेगळ्या जातीचा पुरावा आहे. तिच्यात वेळ, जागा, विषय, बोलावणाऱ्यांची नावं असं सगळं मिळतं, पण ती आधी छापलेली असते. म्हणून तिच्यावरून हेतू कळतो, घडलेलं नाही. ब्रुकलिन एथिकल असोसिएशनने स्वामीजींना पाउच मॅन्शनमध्ये बोलावलं, आणि व्याख्यान झालं 30 डिसेंबर 1894 ला. आपण ते खात्रीने म्हणू शकतो, कारण 31 डिसेंबरच्या ब्रुकलिन स्टँडर्ड युनियनने त्याचा वृत्तांत दिला. पत्रिकेमागे असा वृत्तांत सापडला नाही, तर मी माझ्या नोंदीत ‘नियोजित’ असंच लिहिते, ‘झालं’ असं लिहीत नाही. कितीतरी याद्यांमध्ये हा फरक पुसला गेलेला दिसतो आणि त्याचं मला फार वाईट वाटतं, कारण पुढचा वाचक ती ओळ पाहून तेवढ्याच विश्वासाने पुढे सांगतो.

शोधाला बसाल तेव्हा नावावर विसंबू नका. सेलमच्या ईव्हिनिंग न्यूजने 29 ऑगस्ट 1893 ला, धर्मपरिषदेच्या जवळपास दोन आठवडे आधी, वेस्ली चॅपेलमधल्या कार्यक्रमाची बातमी दिली. ‘काल दुपारी उकाडा असूनही’ थॉट अँड वर्क क्लबची मंडळी जमली होती, असं ती म्हणते. म्हणजे कार्यक्रम 28 तारखेचा. पण तिथे नाव छापलंय ‘विवे कानोंदा’. मेम्फिसमध्ये ते ‘विवे कानंदा’ झालं. सरळ ‘विवेकानंद’ म्हणून शोधलं तर ही कात्रणं हाताला लागतच नाहीत. म्हणून मी गाव, सभागृह आणि ‘हिंदू साधू’ हे शब्द धरून शोधते. मेरी लुईस बर्क यांनी अमेरिकेतल्या जुन्या पत्रांच्या फायली खोलवर चाळल्या नसत्या, तर यातलं किती आपल्या हाती आलं असतं याचा विचार करते तेव्हा त्यांच्याबद्दल मनापासून कृतज्ञता वाटते.

‘हिंदू साधू’ वर पूर्ण भार टाकायचा नाही, हेही सांगते. धर्मपरिषदेला इतरही भारतीय आले होते: मुंबईचे बी. बी. नागरकर, प्रतापचंद्र मजुमदार, जैन धर्माची बाजू मांडणारे वीरचंद गांधी. वीरचंद गांधी परिषदेनंतरही अमेरिकेत व्याख्यानं देत होते. त्या वेळचे वार्ताहर भारतातून आलेल्या कोणालाही सर्रास ‘हिंदू’ म्हणत. त्यामुळे बातमीत नाव नसेल आणि नुसता ‘भारतातला विद्वान’ असेल, तर आधी विषय पाहा, मग पेहराव, मग त्या दिवशी स्वामीजी दुसरीकडे कुठे होते ते. तिन्ही जुळलं तरच ते गाव यादीत घाला, आणि समोर कोणत्या अंकावरून घातलं तेही लिहा.